जुन्या-नव्या तांब्यापितळेच्या भांड्यांचे फोटो: पुसापुशी नेमकी किती करायची?

भांडीवाला_नाशिक
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आमचं नाशिकला भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. नवी भांडी आहेतच पण गेली तीन वर्षं जुनी पण विकतो, म्हणजे वाडा पाडताना किंवा घर बदलताना लोक जी मोडीत घालायला आणतात त्यातली चांगली घंगाळं, बंब, हंडे, समया आम्ही बाजूला काढतो, चिंच-मीठ लावून घासतो आणि फोटो टाकून विकतो. बरीचशी व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर, नवी भांडी एका ऑनलाइन साइटवर पण.

फोटो मीच मोबाइलवर काढतो. दुकानात जागा नाही, त्यामुळे मागे शटर, वायर, शेजारच्यांची पाटी, कुणाचे तरी पाय असलं सगळं येतं आणि भांडं चकचकीत असलं की मी स्वतः हातात फोन धरलेला त्यात दिसतो. मग फोनमधल्या इरेजरने पुसतो. पुसता पुसता भांड्यावरचा एखादा डाग पण जातो, आणि खरं सांगतो फोटो इतका छान दिसतो की तसाच टाकावासा वाटतो.

दिवाळीपासून तीन तक्रारी आल्या. एक, जुनं तांब्याचं घंगाळ, बाईंनी पार्सल उघडून व्हिडिओ पाठवला की काठाजवळ पोचा आहे, फोटोत नव्हता. खरंच नव्हता, मीच पुसला होता, मला वाटलं सावली आहे. दोन, कल्हईचं पातेलं, आत पांढरट ओरखडे आहेत म्हणून परत. तीन, पितळी डबा, "फोटोत मोठा वाटला". घंगाळ सव्वाचार किलोचं, जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च माझ्या अंगावर आणि पैसे पण परत दिले.

आता भाऊ म्हणतो काहीच पुसू नको, जसं आहे तसं टाक. तसं टाकलं तर फोटो इतका गचाळ दिसतो की कुणी विचारत पण नाही, हे पण करून बघितलंय. तर किती पुसायचं? कुठे थांबायचं?

प्रशांत_४२
सोप्पं आहे, मागचं सगळं बॅकग्राउंड उडवून पांढरं करा. मोठ्या साइटवर पहिला फोटो शुद्ध पांढऱ्यावरच लागतो आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरला पाहिजे असा ॲमेझॉनचा नियम आहे. एका क्लिकमध्ये होतं. आम्ही मोबाइल कव्हर विकतो, सगळे फोटो असेच आहेत, काही तक्रार नाही.

भांडीवाला_नाशिक
दादा बॅकग्राउंड उडवायला येतं मला. अडचण भांड्यावरची आहे. शिवाय बॅकग्राउंड उडवलं की कड्यांच्या आतली मोकळी जागा तशीच शटरच्या रंगाची राहते आणि भांडं हवेत तरंगतंय असं दिसतं.

लेन्सवेडा
भांड्यात स्वतःचं प्रतिबिंब येतं ना, त्यावर साधा उपाय आहे, सीपीएल फिल्टर. म्हणजे पोलरायझर. मोबाइलला क्लिपने लावायचे मिळतात. फिरवला की चकाकी गायब, मग पुसायचा प्रश्नच नाही. बाकी डागबिग बिनधास्त साफ करा, ग्राहकाला स्वच्छ फोटो लागतो, जाहिरातीतला वडापाव आणि गाडीवरचा वडापाव कधी सारखा असतो का?

अनुजा_पुणे
मी वस्तूंचे फोटो काढायचं काम करते, पुण्यात, त्यात तांबट आळीतल्या कारागिरांची भांडी पण असतात त्यामुळे हा त्रास रोजचा आहे. आधी लेन्सवेडा यांचं. पोलरायझर काचेवर, पाण्यावर, वार्निश मारलेल्या लाकडावर छान चालतो, पण उघड्या धातूवर नाही. धातूवरून परत येणारा उजेड तसा पोलराइज होतच नाही, त्यामुळे फिल्टर कितीही फिरवा तांब्यात तुम्ही दिसणारच. लॅकर मारलेल्या शोभेच्या पितळेवर वरच्या थरापुरता थोडा फरक पडतो इतकंच. आणि वडापाव खाऊन संपतो हो, घंगाळ घरात पन्नास वर्षं राहतं, त्यावरचा पोचा माणूस रोज बघणार.

आता मूळ प्रश्न. भांडीवाला दादा, मी एकच प्रश्न विचारते फोटो साफ करताना, पार्सल उघडल्यावर ही गोष्ट तिथे असणार आहे का? शटर, वायर, पाय, चादरीवरची सुरकुती ह्यातलं काहीही खोक्यात जाणार नाही, खुशाल पुसा. पोचा, ठिगळ, झाळलेला जोड, चीर, कडीचा झिजलेला खिळा, मठारकामाचे ठोके हे सगळं खोक्यातून जाणार, त्यातलं एकही पुसायचं नाही, अगदी कुरूप दिसलं तरी नाही. भांड्यावर बसलेली धूळ, बोटाचा ठसा हे पुसलं तरी चालतं पण फोटोत नाही, फडक्याने. कारण ठसा तांब्यावर दोन दिवस राहिला तर तो नुसता ठसा राहत नाही, तिथे काळा डाग धरतो, मग फोटोत स्वच्छ आणि हातात पाच बोटं उमटलेली असं होतं.

खरी कटकट मधल्या गोष्टींची. प्रतिबिंब, सावली, आणि शेजारी मांडलेल्या वस्तू. प्रतिबिंब खोक्यातून जाणार नाही म्हणून ते पुसायला हरकत नाही असं वाटतं, पण ते भांड्याच्या पृष्ठभागावरच असतं. तुम्ही फोन धरलेला माणूस पुसता तेव्हा त्याच्या खाली जे ठोके, जे पोचे आहेत ते पण पुसले जातात आणि इरेजर तिथे आजूबाजूला बघून स्वतःच्या मनाने तांबं भरतो. तुमच्या घंगाळाचं हेच झालंय. तुम्ही लबाडी केली नाही, पण फोनने तिथे नसलेलं गुळगुळीत तांबं रंगवलं आणि ते तुमच्या नावावर विकलं गेलं.

भांडीवाला_नाशिक
ताई अगदी हेच झालं. पोचा काठाच्या खाली चार बोटांवर होता आणि माझ्या हाताचं प्रतिबिंब बरोब्बर तिथेच होतं. पण मग प्रतिबिंब ठेवू कसं? फोटोत मी बनियनवर उभा दिसतो असं एका गिऱ्हाइकाने सांगितलंय, तेव्हापासून तर मी पुसतोच.

अनुजा_पुणे
प्रतिबिंब फोटो काढतानाच घालवायचं. भांडं हा गोल आरसा आहे, त्यात सगळी खोली दिसते, म्हणून त्याला बघायला पांढरी खोली द्यायची. सांगते कसं, खर्च दोनतीनशेच्या वर जाणार नाही.

जिथे थेट ऊन येत नाही अशा खिडकीशेजारी टेबल लावा. खिडकीवर बटर पेपर चिकटवा. भांड्याच्या उजव्या-डाव्या बाजूला थर्माकोलच्या मोठ्या शीट उभ्या करा, वरून पांढरी चादर. समोर, म्हणजे तुमच्या बाजूला, अजून एक पांढरा कार्डबोर्ड, त्याला फोनच्या लेन्सएवढं भोक पाडा आणि भोकातून फोटो काढा. आणि जवळून काढू नका. पाचसहा फूट मागे जा आणि २एक्स झूम वापरा. लांबून तुम्ही भांड्यात एक छोटा ठिपका होता, आणि भांड्याचा आकारही फुगत नाही. जवळून काढलं की पोट मोठं आणि बूड बारीक दिसतं. तुमच्या तिसऱ्या तक्रारीतला डबा मोठा वाटायचं एक कारण हे पण असू शकतं.

आता हे सगळं पांढरं केल्यावर तांबं दुधट आणि सपाट दिसायला लागेल, तेव्हा घाबरू नका. काळ्या कार्डपेपरच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून दोन्ही थर्माकोलच्या पुढच्या कडेला उभ्या लावा. त्या पट्ट्या भांड्याच्या कडेला बारीक काळ्या रेघा बनून दिसतात आणि गोलाई लगेच उठून येते. ठोके पण दिसायला लागतात.

मग उरतो तो लेन्सच्या भोकाचा एक काळा ठिपका. तो पुसा. हरभऱ्याएवढा ठिपका पुसला तर त्याखाली पोचा लपणार नाही, आणि लपतोय अशी शंका आली तर फोन वीतभर सरकवून दुसरा फोटो काढून बघा, ठिपका सरकेल, पोचा सरकणार नाही.

मीनल_बंगळुरू
ग्राहक म्हणून बोलते. मी मागच्या वर्षी एका इन्स्टा पेजवरून (हे नाशिकवाले दादा नव्हेत) समई मागवली. फोटोत समईखाली सुंदर पितळी तबक होतं, शेजारी तेलाचं भांडं, फुलं. आली ती नुसती समई. विचारलं तर म्हणाले तबक फक्त फोटोपुरतं होतं. वर्णनात खाली कुठेतरी लिहिलं पण होतं म्हणे. मला पोच्याचा इतका राग आला नसता जितका त्या तबकाचा आला, कारण मी देवघरात ते कुठे ठेवायचं हे पण ठरवून ठेवलं होतं. शेजारच्या वस्तू पुसता येतात तर तबक का पुसलं नाही?

अनुजा_पुणे
मीनल, बरोबर आहे राग. जे पाठवणार नाही ते चौकटीत ठेवायचंच नाही. पण हे नंतर पुसून करू नये, आधीच उचलून ठेवावं. का सांगते. मी एकदा झेंडूचं फूल पितळी कळशीशेजारून पुसलं. फूल गेलं, पण कळशीच्या पोटात त्याचा पिवळा गोळा तसाच राहिला आणि जमिनीवर सावली राहिली. माझ्या लक्षात आलं नाही, कारागिराच्या बायकोने बघितलं आणि म्हणाली कळशीला हा पिवळा डाग कसला? ग्राहकाने पण तेच विचारलं असतं. म्हणजे पुसलेल्या वस्तूने नसलेला दोष तयार केला.

साडीवाली_स्नेहल
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी हातमागाच्या साड्या विकते. सूत कुठे जाड कुठे बारीक असतं, गाठ येते, ते मी फोटोत ठेवते आणि वर्णनात लिहिते. तरी दर चारपाच साड्यांमागे एक बाई विचारतेच की हा दोष आहे का. म्हणजे ठेवून पण प्रश्न येतातच, फक्त ते विकायच्या आधी येतात. त्याला वेळ जातो पण साडी परत येत नाही. भांडीवाला दादा, तुम्ही पोच्याचा वेगळा जवळून फोटो टाकता का? मी गाठीवर बोट ठेवून एक फोटो टाकते.

भांडीवाला_नाशिक
नाही टाकत, आता टाकेन. बोट ठेवायची युक्ती आवडली, त्याने आकार पण कळतो. आत्तापर्यंत फोटोत हात आला की मी तो पुसायचो, म्हणजे मीच माप पुसत होतो असं आता वाटतंय. डब्याची तक्रार त्यामुळेच आली असणार, त्या फोटोत झाकणावर माझा हात होता आणि मी तो काढून टाकला होता.

नवसागर
मी कल्हईवाल्याच्या घरातला, वडील दारोदार भाता घेऊन फिरायचे, मी आता वर्कशॉपमध्ये आहे पण सणाला अजून कल्हई करतो. पातेल्याच्या तक्रारीबद्दल बोलतो कारण त्यावर कुणी बोललं नाही.

कल्हई म्हणजे भांडं तापवून आत नवसागर टाकायचा, कथिलाची कांडी फिरवायची आणि ते वितळलं की कापसाने किंवा फडक्याने सगळीकडे ओढायचं. त्या ओढण्याच्या रेघा राहतात, गोल गोल, पांढरट. त्याच तर हातकामाच्या खुणा. ज्यांनी लहानपणी घरात कल्हई बघितली त्यांना माहीत आहे, पण आत्ता तीस वर्षांची मुलगी विकत घेते तिने आतून स्टीलच बघितलंय. तिला तो ओरखडा वाटतो, त्यात तिची काय चूक.

भांडीवाला भाऊ, पातेल्याचा आतला फोटो तुम्ही कसा टाकला होता? मला वाटतं तुमच्या इरेजरने त्या रेघा पुसल्या असणार.

भांडीवाला_नाशिक
काका आत्ता जुना फोटो काढून बघितला. मी रेघा पुसल्या नव्हत्या, आतमध्ये छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब होतं तेवढं पुसलं होतं. पण तुम्ही म्हणता तसंच, ट्यूबलाइट गेली आणि सगळा तळ एकसारखा करडा, मऊ झालाय, स्टीलच दिसतंय ते. मूळ फोटो फोनमध्ये होता म्हणून कळलं.

नवसागर
मग आता उलटं करा. खिडकीचा उजेड तिरका आत पाडा म्हणजे रेघा उठून दिसतील, आणि खाली लिहा की ह्या हाताने ओढलेल्या कल्हईच्या रेघा आहेत, वापरात हळूहळू पुसट होतील. आणि एक विनंती, हे पण लिहा की रिकामं भांडं आचेवर ठेवू नका. कथिल २३२ अंशाला वितळतं, रिकामं पातेलं गॅसवर राहिलं की कल्हई गोळा होते आणि मग ती पण तक्रार तुमच्याकडेच येते.

पण रेघा आणि खरी उघडी पडलेली जागा ह्यात फरक आहे, तो फोटोत दिसू द्या. जिथे तांब्याचा लाल रंग आतून डोकावतो तिथे कल्हई नाही. ते पुसून विकणं म्हणजे आंबट पदार्थ तांब्यात शिजवायला देणं झालं. ते फोटोत नाही, माझ्यासारख्याकडे आणून दुरुस्त करायचं.

लेन्सवेडा
पोलरायझरचं मला माहीत नव्हतं, आज घरी तांब्याच्या तांब्यावर लावून बघितलं, खरंच काही होत नाही, फोटो फक्त काळपट झाला. मागे घेतो. पण माझा दुसरा मुद्दा राहतोच, सगळं दाखवलं तर विकलं जाणार कसं? जुन्या भांड्यावर दहा गोष्टी असतात. दहाही दाखवल्या तर माणूस पळून जाईल.

अनुजा_पुणे
पहिला फोटो सुंदर काढा ना, कोण नको म्हणतंय. भांड्याची चांगली बाजू पुढे करा, वाळूच्या पिशवीवर थोडं कलतं ठेवा, उजेड छान पाडा. पोचा मागच्या बाजूला गेला तर पहिल्या फोटोत तो नसला तरी चालेल, पुढच्या फोटोत दाखवला म्हणजे झालं. बाजू निवडणं आणि पुसणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगी बघायला येतात तेव्हा आपण चांगली साडी नेसवतो, दुसऱ्या मुलीला पुढे करत नाही.

दादा, ते घंगाळ परत आलंय ना तुमच्याकडे? त्याचेच फोटो परत काढा आणि इथे सांगा काय काय दिसलं. मी एकेक गोष्ट बघून सांगते.

ग्राहकहक्क_ठाणे
कायद्याची एक गोष्ट सांगतो, घाबरवायला नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आहे की वस्तू जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. फोटो हा जाहिरातीचाच भाग. त्यामुळे खाली "फोटो फक्त नमुन्यादाखल" असं लिहून सुटका होते असं कुणी समजू नये, विशेषतः एकुलती एक जुनी वस्तू असेल तर नमुना कसला? नव्या एकसारख्या ग्लासांना ते चालू शकतं. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, फोन करतो तेव्हा पहिली गोष्ट विचारतात ती म्हणजे स्क्रीनशॉट आहे का, आणि तो त्याच्याकडे असतो. तुमच्याकडे न पुसलेला मूळ फोटो असू द्या.

भांडीवाला_नाशिक
काल रविवारी दुकान बंद होतं तर घरीच मांडलं. खिडकी, बटर पेपर, दोन थर्माकोल, आईची पांढरी चादर. घंगाळ तोंडाशी साधारण अठरा इंच, दोन कड्या, वजन सव्वाचार किलो. सहा फुटांवरून २एक्स.

अनुजाताई काय सांगू, पहिल्यांदाच मला ते भांडं नीट दिसलं. मी रोज हातात घेतो आणि मला माहीत नव्हतं की बुडापाशी बारीक ठोक्यांची ओळ आहे, कुणीतरी फार मन लावून मठारलंय.

आता यादी. मागे चादरीवर सुरकुत्या आणि थर्माकोलची एक कड. लेन्सचा काळा ठिपका. काठाखाली तो पोचा, अंगठ्याएवढा. एका कडीच्या मुळाशी जुना झाळलेला जोड, रंग वेगळा. बुडाला एक काळा पट्टा, घासून जात नाही. आतल्या बाजूला पाण्याची पांढरी रेघ. आणि बाहेरून काठाशी नाव घातलंय, टिंबाटिंबांनी, एका बाईंचं नाव आणि गाव, लग्नातली भेट असणार.

अनुजा_पुणे
छान केलंत. सुरकुत्या, थर्माकोलची कड, काळा ठिपका पुसा. पुसताना फोटो मोठा करा, ब्रश ठिपक्यापेक्षा किंचितच मोठा ठेवा आणि एकेक ठिपका वेगळा पुसा, एकाच झटक्यात मोठा भाग रंगवला की फोन जास्त मनाचं भरतो. मग फोटो आडवा उलटा करून बघा, डोळ्याला सवय झालेली असते ती मोडते. काठाची रेघ कुठे तुटलीय का, ठोक्यांचा एकच पुंजका शेजारी शेजारी दोनदा आलाय का, हे बघा. ठोके हाताचे असतात, दोन पुंजके एकसारखे दिसले की समजा ते इरेजरने मारलेत.

पोचा आणि जोड, प्रत्येकी एक जवळून फोटो, स्नेहलने सांगितलं तसं बोट ठेवून. काळा पट्टा चुलीचा असेल, राहू दे. पाण्याची रेघ लिंबाने जाते का बघा, गेली तर फोटो परत काढा. नाही गेली तर राहू दे. टेप लावून एक फोटो, आणि आत किती लिटर पाणी मावतं ते मोजून लिहा, घंगाळाला लोक इंचापेक्षा लिटर विचारतात.

सावली मात्र पुसू नका. बुडाखालची सावली गेली की भांडं तरंगतं हे तुम्हीच म्हणालात, आणि बूड सपाट आहे की डुगडुगतं हे सावलीवरूनच कळतं.

शेवटी एक करा. फोटो आणि भांडं दोन्ही घरातल्या एखाद्या लहान मुलाला द्या, ज्याने तुम्हाला पुसताना बघितलं नाही. फरक शोध म्हणा. मुलं सोडत नाहीत.

वाडा_चिरेबंदी_नाही
नावाबद्दल बोलायचंय. ते नाव पुसू नका. आमचा साताऱ्याकडचा वाडा पाडला तेव्हा भावकीने सगळी भांडी मोडीत घातली, मला कळलं तोपर्यंत किलोवर गेली होती. माझ्या आजीच्या हंड्यावर तिचं नाव होतं. मी अजून अशी दुकानं बघत असते की कुठे ते नाव दिसेल. फोटोत नाव पुसलं तर माझ्यासारखीला कधीच सापडणार नाही.

मीनल_बंगळुरू
तुमचं वाचून वाईट वाटलं. पण मला उलटं वाटतं हो. त्या बाईंचं नाव, गाव इंटरनेटवर कशाला? त्यांच्या घरच्यांना आवडेल का की आपल्या आजीचं नाव विकायला लावलंय? मी घेणारी असते तर मला नाव आहे हे कळलं पाहिजे, वाचता आलंच पाहिजे असं नाही.

ग्राहकहक्क_ठाणे
पुसून गुळगुळीत केलं तर मात्र चुकीचं, कारण नाव खोक्यातून जाणार. धूसर केलं आणि लिहिलं की नाव कोरलेलं आहे, तर ग्राहकाची फसवणूक होत नाही. पण धूसर केल्याने त्या ताईंचा प्रश्न सुटत नाही हे पण खरं.

अनुजा_पुणे
ह्यावर माझं पण ठरत नाहीये. मी आत्तापर्यंत पूर्ण नाव कधी वाचता येईल असं टाकलं नाही, अक्षरांचं काम दिसेल इतपतच. पण ताईंचं वाचून विचारात पडले.

नवसागर
नावं घालणारे पण आमच्याच आळीत बसायचे. छिन्नी आणि छोटी हातोडी, बाई समोर बसून सांगायची काय लिहायचं ते. पुसू नका एवढंच म्हणतो.

लेन्सवेडा
मधला मार्ग, फोटोत पहिलं नाव वाचता येऊ दे, आडनाव आणि गाव धूसर. शोधणाऱ्याला पहिल्या नावावरून विचारता येईल, मग दुकानदार खात्री करून सांगेल.

वाडा_चिरेबंदी_नाही
हे चालेल मला. गाव मी फोनवर सांगेन, जुळलं तर सांगा.

भांडीवाला_नाशिक
पुतणीला दिलं काल, दुसरीत आहे. तिने तीन फरक काढले. दोन मला माहीत होते. तिसरा म्हणजे फोटोत एका कडीला खिळा नाही आणि भांड्यावर आहे. ठिपका पुसताना खिळा पण गेला होता, मला, भावाला, बायकोला कुणालाच दिसलं नव्हतं. ठिपका परत पुसला, ह्यावेळी ब्रश अगदी बारीक करून.

आज सकाळी टाकलं. पाच फोटो, एक साफ केलेला, चार बिनपुसलेले, पोच्यावर माझं बोट, टेप लावलेला एक. नाव लेन्सवेडा दादांनी सांगितलं तसं. लिटर मोजले, काठाखाली दोन बोटं सोडून एकवीस. रेघ लिंबाने गेली. दुपारी एका बाईंचा फोन आला, पोचा आतून पण लागतो का, हात कापेल का असं विचारत होत्या. मी आतून बोट फिरवतानाचा व्हिडिओ पाठवलाय, अजून उत्तर नाही.

आणि वाडावाल्या ताई, हंड्याचं पहिलं नाव काय होतं ते मला मेसेजमध्ये कळवा. गोदामात अजून तीसेक हंडे आहेत, घासायच्या आधी काठ बघून घेतो.